वीतभर पेंढा आणि ९० टक्के पाणी

“भाजीच्या वाफ्यावर वीतभर जाड पेंढा किंवा पाचोळा घाला, जे मिळेल ते चालतं. जितका थर जाड तितकं पाणी जास्त वाचतं. ९० टक्के बचत होते, मग आठवड्यातून एकदा पाणी दिलं तरी पुरे.”

उन्हाळा लागला आणि गोव्यात पेडण्यापासून सत्तरीपर्यंत विहिरी खाली जाऊ लागल्या की हा निरोप फिरू लागतो. आच्छादन घालावं, यात वाद नाही. पण निरोपातलं बाकी सगळं एकेक करून तपासायला हवं.

आधी ९० टक्के. वाफ्यातलं पाणी दोन वाटांनी जातं. एक, मातीच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन. दुसरी, झाडाच्या मुळांतून पानांत आणि पानांतून हवेत. आच्छादन अडवतं ती फक्त पहिली वाट. मिरचीची रोपं नुकतीच लावलेली असतात तेव्हा वाफा बहुतेक उघडा असतो आणि पहिली वाटच मोठी असते, त्यामुळे तेव्हा आच्छादनाचा फायदा खरंच मोठा. तीच मिरची दीड-दोन महिन्यांनी अंगाने भरली की तिची पानं मातीवर सावली धरतात आणि बहुतेक पाणी झाडच पितं. त्या पाण्याला पेंढा हात लावू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९९८ मध्ये पिकांच्या पाण्याबद्दल दिलेला ठोकताळा असा की, सेंद्रिय आच्छादनाने झाकलेल्या दर १० टक्के जमिनीमागे मातीतून होणारं बाष्पीभवन साधारण ५ टक्क्यांनी कमी धरावं. म्हणजे वाफा पूर्ण झाकला तरी मातीच्या बाष्पीभवनात निम्मी घट. एकूण पाण्यात नव्हे.

आता जाडी. आपल्याकडे भाजीला पाणी बहुतेक झारीने किंवा पाइपने, वरून शिंपडूनच दिलं जातं. सुका पेंढा आपल्या वजनाच्या दुपटी-तिपटीने पाणी सहज धरतो. चौरस मीटरवर दोन किलो पेंढा टाकला, तर झारीतलं पहिलं चार लिटर पाणी पेंढाच पिऊन टाकू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यातलं बरंचसं उडून जातं. मुळांपर्यंत काय पोचलं? वाफा वरून ओला, आत कोरडा. मे महिन्यातल्या वळवाच्या हलक्या सरीचंही तेच होतं. म्हणून पेंढा पसरल्यावर ५ ते ७ सेंटिमीटर राहील इतकाच ठेवायचा, पाणी बाजूला सारून बुंध्याशी द्यायचं किंवा ठिबकची नळी पेंढ्याखालून न्यायची. पेंढा दोन-तीन आठवड्यांत दबतो, तेव्हा थोडी भर घालायची.

जे मिळेल ते चालतं, हे तर मुळीच नाही. काजू-फणसाची अख्खी पानं कौलांसारखी एकावर एक बसतात आणि वरचं पाणी वाफ्याबाहेर ओघळतं, म्हणून ती चुरून किंवा अर्धवट कुजलेलीच घालावीत. उलट टोकाला काथ्याचा भुसा. तो बारीक असल्याने मातीला घट्ट चिकटतो, खालचं पाणी वर ओढतो आणि ते पृष्ठभागावरून उडतं. आच्छादन भरड आणि मातीशी सैल हवं, म्हणजे पाण्याची वर चढायची साखळी तुटते आणि मधली अडकलेली हवा वाफ अडवते. भाताचा पेंढा, तुकडे केलेली नारळाची झावळं, सुकं गवत ही त्यासाठी चांगली. लाल मातीत सुक्या पेंढ्याला वाळवी लागते, म्हणून बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडावी.

सगळ्यात चुकीचं ते आठवड्याचं गणित. ते घरीच मोजता येतं. तोंडाचा व्यास १५ सेंटिमीटर आणि खोली तेवढीच असलेले तीन सारखे प्लास्टिकचे डबे घ्या. वाफ्यातली माती सारख्या घट्टपणे भरा, झाडाचं मूळ नको. पाणी देऊन ओली करा, वर पाणी साचलेलं नको. एक डबा उघडा, दुसऱ्यावर ५ सेंटिमीटर पेंढा, तिसऱ्यावर १२. तिन्ही डबे वाफ्यात काठोकाठ पुरा, नाहीतर बाजूने तापून आकडे फुगतील. रोज सकाळी काढून, बाहेरची माती पुसून, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या वजनकाट्यावर तोला. या तोंडाच्या डब्यातून १८ ग्रॅम वजन कमी झालं, तर सुमारे एक मिलिमीटर पाणी गेलं, म्हणजे चौरस मीटरला एक लिटर.

धरा, पहिल्या दिवशी उघड्या डब्याचं वजन ८० ग्रॅमने उतरलं, ५ सेंटिमीटरवाल्याचं ३० ने आणि १२ वाल्याचं २२ ने. पहिल्या थराने चौरस मीटरला पावणेतीन लिटर वाचवले, पुढच्या ७ सेंटिमीटर पेंढ्याने जेमतेम अर्धा लिटर. जाडीचा सगळा वाद इथेच मिटतो. तिसऱ्या दिवशी उघड्याचं वजन ३५ ने उतरेल आणि पेंढ्याखालच्याचं २५ ने, कारण उघड्या मातीचा वरचा पापुद्रा सुकून तोच आता झाकणाचं काम करतो. बचत होते ती पाणी दिल्यावरच्या पहिल्या दोन दिवसांत. म्हणून रोज हलकं पाणी दिल्या जाणाऱ्या वाफ्याला आच्छादनाचा फायदा जास्त, आणि आठवड्याने एकदा पाणी दिलं तर तो आपोआप कमी होतो! शिवाय भरलेलं पीक दिवसाला चार मिलिमीटर प्यायलं, तर आठवड्याला चौरस मीटरमागे २८ लिटर झाले. किनाऱ्याजवळच्या रेताड मातीत वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये झाडाला घेता येईल असं पाणी २०-२५ मिलिमीटरच मावतं, आणि त्यातलं निम्मं संपलं की झाड कोमेजू लागतं. तिथे तिसऱ्या दिवशी पाणी हवंच, पेंढा असो वा नसो. डब्यांचा हा प्रयोग तीन दिवसांपेक्षा जास्त लांबवू नका. तळ बंद असल्याने खालून ओल येत नाही आणि आकडे बिघडतात, माती बदलून पुन्हा सुरू करा.

डबे फक्त बाष्पीभवन दाखवतात. पूर्ण वाफ्याचा हिशेब हवा असेल, तर एकाच पिकाचे दोन वाफे ठेवा, एक झाकलेला आणि एक उघडा. पाणी वारावर द्यायचं नाही. १० ते १५ सेंटिमीटर खोलीवरची माती दोन्हीकडे सारखीच सुकल्यावर द्यायचं, आणि किती बादल्या लागल्या ते लिहायचं. पेंढा उचलून वरच्या मातीला बोट लावून ठरवाल तर फसाल, तिथे अडकलेल्या वाफेने ओल नेहमीच जाणवते. खोलवरच्या मातीचे शंभर ग्रॅम घ्या, खडे चाळून काढा, वजन करा, मंद आचेवर तव्यात वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा आणि पुन्हा तोला. खडे का काढायचे? आपल्या जांभ्या जमिनीत ते पाणी धरत नाहीत, पण वजनात भर घालतात.

दोन काड्यांचा स्वस्त ओलावामापक मात्र बाजूला ठेवा. तो मातीतून वीज किती वाहते तेच मोजतो. खाजणाच्या कडेच्या खारट मातीत किंवा नुकतंच खत दिलेल्या वाफ्यात तो सुकी मातीही ओली दाखवतो.