वरची ओळ कापलेला रिपोर्ट

परवा रात्री मावसबहिणीने घरच्या ग्रुपवर मावशीच्या रक्ततपासणीचा स्क्रीनशॉट टाकला. "ताई, बघ ना जरा. सगळं ठीक आहे ना?" मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय, त्यामुळे असे फोटो माझ्याकडे नेहमी येतात. या फोटोत डावीकडे तपासण्यांची नावं होती आणि पुढे आकड्यांचे दोन रकाने. रकान्यांचे मथळे वरून कापलेले, एककं उजवीकडून कापलेली.

फास्टिंग ग्लुकोज ५.४ आणि ५.९. क्रिएटिनिन ७४ आणि ९८. व्हिटॅमिन डी ४२ आणि ६८.

मी उत्तर लिहायच्या आतच मामांचा मेसेज आला, "साखर वाढतेय, किडनीचंही बघायला हवं." डावीकडून उजवीकडे वाचायची आपली सवय, त्यामुळे डावीकडचा आकडा आधीचा आणि उजवीकडचा आताचा असं त्यांनी धरलं. पण काही लॅब ताजा निकाल आधी छापतात आणि जुना त्याच्यानंतर. मथळ्यात तारीख असेल तरच ते कळतं. आकडे तेच राहतात, फक्त बातमी उलटी होते.

एककांचं काय? इथे काही आकडे स्वतःच बोलतात. ग्लुकोज मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये ५.४ असेल तर माणूस शुद्धीवर असणार नाही. म्हणजे हे मिलिमोल प्रति लिटर. १८ ने गुणलं की ५.४ चे साधारण ९७ होतात आणि ५.९ चे १०६. क्रिएटिनिन ७४ हेही मिलिग्रॅममध्ये अशक्य, ते मायक्रोमोल प्रति लिटर असणार. ८८.४ ने भागलं की ०.८४ येतं. इथपर्यंत मला खात्री होती.

व्हिटॅमिन डी मात्र काहीच सांगत नाही. ते नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये मोजतात, नाहीतर नॅनोमोल प्रति लिटरमध्ये, आणि दोन्हींत फक्त अडीच पटींचा फरक आहे. ४२ नॅनोग्रॅम म्हणजे काळजीचं काही नाही. ४२ नॅनोमोल म्हणजे जेमतेम १७ नॅनोग्रॅम, आणि ते कमी समजलं जातं. दोन्ही आकडे रोज लॅबमध्ये दिसणारे, त्यामुळे नुसतं बघून ओळखता येत नाही. मी विचार केला, वरच्या दोन ओळी मोलमध्ये आहेत, तर हीसुद्धा मोलमध्येच असणार. "डी कमी दिसतंय" असं मी टाइपही केलं होतं.

पाठवलं नाही. त्याऐवजी लिहिलं, "मूळ पीडीएफ पाठव, मग बोलते."

पीडीएफ आली. डावीकडचा रकाना ताजा निघाला. म्हणजे साखर ५.९ वरून ५.४ वर उतरली होती, क्रिएटिनिनही खाली आलं होतं. आणि व्हिटॅमिन डी नॅनोग्रॅममध्ये होतं! ती तपासणी त्या लॅबने बाहेरच्या लॅबकडून करून घेतली होती आणि निकाल त्यांच्याच एककात छापला होता. एका टेबलात दोन पद्धतींची एककं, माझा अंदाज साफ चुकलेला. "कमी आहे" म्हटलं असतं तर मावशीने उद्यापासून गोळ्या वाढवल्या असत्या. व्हिटॅमिन डी चरबीत साठतं, जास्तीचं लघवीतून सहज निघून जात नाही, आणि फार वाढलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मथळे आणि एककं नसलेल्या रिपोर्टवर कुणी काही सांगू नये, जाणकारानेही नाही. जाणकाराने तर मुळीच नाही, कारण त्याचा अंदाज लोक निकाल म्हणून घेतात.

बहिणीने कापलं ते निष्काळजीपणाने नाही, हेही सांगायला हवं. ग्रुप मोठा, म्हणून तिला मावशीचं नाव आणि वय दिसू द्यायचं नव्हतं. नाव सगळ्यात वर असतं आणि मथळ्यांची ओळ त्याला लागूनच. नाव काढायला गेलं की मथळा जातो. तसं असेल तर फोटो कापू नका, फोनच्या एडिटमधून नावावर गडद पट्टी ओढा. आरपार दिसणारा मार्कर नको, तो उजेड वाढवला की वाचता येतो. आणि फोन आडवा धरून एककांचा रकाना चौकटीत आलाय ना, ते बघा.

लॅबवाल्यांकडेही एक मागणं आहे. त्या पीडीएफचं दुसरं पान मी पाहिलं. टेबल तिथे पुढे चालू होतं, पण वर मथळाच नव्हता. म्हणजे कुणी काही न कापताही ते पान अर्धवटच. एक्सेलमध्ये टेबल बनवत असाल तर `Page Layout` मध्ये `Print Titles` आणि तिथे `Rows to repeat at top` मध्ये मथळ्याची ओळ निवडा, ती छापताना आणि पीडीएफ करताना प्रत्येक पानावर येते. एकक तर वेगळ्या रकान्यात टाकूच नका. ते तपासणीच्या नावाला चिकटून लिहा, म्हणजे स्क्रीनशॉट कसाही कापला तरी नावाबरोबर एकक राहील.