लाल बदामावर नवरा-बायकोचीच मालकी?

बदामाच्या इमोजींबद्दल व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतोय: "लाल बदाम फक्त नवरा-बायकोने किंवा प्रेमात असलेल्यांनीच पाठवावा. मैत्रीला पिवळा, विश्वासाला निळा, दुःखाला काळा. रंग चुकला की अर्थाचा अनर्थ होतो."

ही यादी ठरवली कुणी? इमोजींना नाव आणि क्रमांक देतं युनिकोड. निळा, हिरवा, पिवळा, जांभळा बदाम त्यांच्या यादीत २०१० मध्ये आले, काळा २०१६ मध्ये, पांढरा २०१९ मध्ये. कोणता कुणाला पाठवायचा, यात ते पडतच नाहीत.

आता लाल. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये मेसेज दाबून ठेवून प्रतिक्रिया द्यायची सोय आणली, तेव्हा समोर सहाच इमोजी होते आणि त्यांत बदाम एकच, लाल. पुतणीचा दहावीचा निकाल ग्रुपवर आला की आत्या, मावशी, काका सगळे तोच दाबणार. त्यात प्रेमप्रकरण शोधायचं असेल तर फॉरवर्ड करणाऱ्याने आधी स्वतःच्या घरचा ग्रुप उघडावा.

लाल जड होतो, हे मात्र खरं. पण कुठे? व्हॉट्सॲपवर तो एकटाच पाठवला की मोठा होऊन धडधडतो. समजा, ऑफिसच्या ग्रुपवर एकीने घरच्या गणपतीची आरास टाकली. सहकाऱ्याने त्यावर लाल बदाम दिला, तर 'छान' एवढाच अर्थ. त्यानेच रात्री साडेअकराला तिच्या पर्सनलवर तो धडधडणारा बदाम टाकला, शब्द एकही नाही, तर सकाळी मैत्रिणीकडे स्क्रीनशॉट गेलाच म्हणून समजा. त्या वेळी पिवळा पाठवला असता तरी खटकलाच असता, थोडा कमी इतकंच.

जोडप्यांत वेगळीच गंमत. 'पोचलास का?'बरोबर रोज लाल येत होता आणि आज पिवळा आला, की लगेच 'काय झालं?' सुरू. पहिल्यापासून पिवळाच पाठवणाऱ्यांचं त्याकडे लक्षही जात नाही.

पिवळ्याचं मैत्रीशी नातं अगदीच हवेतलं नाही. स्नॅपचॅटवर दोघं एकमेकांनाच सर्वांत जास्त स्नॅप पाठवत असतील, तर नावापुढे पिवळा बदाम दिसतो. सलग दोन आठवडे तसंच टिकलं, की तो लाल होतो. म्हणजे जिथे खरोखर लिहिलेला नियम आहे, तिथे लालसुद्धा दोस्तीचाच.

काळ्याबद्दल काय बोलायचं! जानेवारीत संक्रांतीच्या काळ्या साडीतल्या फोटोंखाली काळ्या बदामांची रांग लागते, ती काय सुतकाची? उलट कुणी गेल्याच्या मेसेजवर सवयीने लाल बदाम दाबणारे असतात, आणि तो 'आवडलं' म्हटल्यासारखा दिसतो. तिथे कुठलाच रंग नको, जोडलेले हात किंवा दोन शब्द पुरेत.

आणि निळा? १४ एप्रिलला 'जय भीम'च्या पुढे येणाऱ्या निळ्या बदामाचा अर्थ महाराष्ट्रात कुणाला फॉरवर्डमधून शिकावा लागत नाही.