मेनू बदलला की पोस्टमध्ये काय लिहायचं

थंडी सुरू झाली की आमच्या छोट्या खानावळीचा मेनू बदलतो आणि त्याची पोस्ट मीच लिहिते. माझं आता ठाम मत झालंय की वर्णनातला प्रत्येक शब्द ताटलीत दिसला पाहिजे, नाहीतर जिभेला कळला पाहिजे. बाकीचे खोडायचे.

गेल्या थंडीत गाजराच्या सूपबद्दल मी लिहिलं होतं, ‘मखमली, स्वर्गीय चवीचं’. लोक हौसेने आले, पण कितीतरी वाट्या अर्ध्याच राहिल्या. सूप बिघडलं नव्हतं. ‘मखमली’ वाचून लोकांनी भरपूर क्रीम घातलेलं सूप मनात धरलं होतं आणि आम्ही तर त्यात दुधाचा थेंबही घालत नाही. वाढणाऱ्या मुलाला जवळजवळ प्रत्येक टेबलावर तेच विचारत होते, यात क्रीम आहे का? तिखट आहे का? तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा त्याचं उत्तर पोस्टमध्ये लिहायचं राहिलेलं असतं.

या वेळी असं लिहिलंय: ‘गाजराचं सूप. कडा काळपट होईपर्यंत ओव्हनमध्ये भाजलेली गाजरं, आल्यासोबत वाटलेली. थोडं रवाळ. चव गोडसर, घोट गिळल्यावर आल्याचा चटका. मिरची नाही, दूध-क्रीम नाही. वरून लिंबू.’ यात एकही विशेषण कौतुकाचं नाही, तरी ‘कडा काळपट’ वाचताना भाजल्याचा वास येतो. गोडी कुठून आली तेही त्यात आहे. थंडीतलं गाजर मुळात गोड असतं आणि भाजताना पाणी उडून ती गोडी दाट होते. साखर घालावी लागत नाही.

‘ताजं’ या शब्दाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. मटार तोडला की दाण्यातली साखर हळूहळू पिठूळ व्हायला लागते, म्हणून त्याच दिवशीच्या शेंगांची चव वेगळीच लागते. आमच्या मटार-पुदिन्याच्या सूपपुढे ‘ताजे दाणे’ असं लिहिलंय, पण फक्त शेंगा येतायत तोवर. फ्रोझन दाणे वापरायला लागू त्या दिवशी तो शब्द निघेल. फ्रोझन मटार वाईट नसतो, फक्त त्याला ताजा म्हणायचं नाही.

आणि काय बंद झालं ते पोस्टच्या वरच्याच ओळीत लिहायचं. काकडीचं गार सूप आता मिळणार नाही. त्याच्यासाठी लांबून आलेल्या माणसाला दारात ‘संपला सीझन’ सांगणं मला फार लागतं.

फोटोही आम्ही रोज वाढतो त्याच वाटीचा, तेवढ्याच मापाचा टाकायचा.

भाजलेल्या भोपळ्याचं वर्णन अजून लिहिलेलं नाही. पहिला भोपळा घट्ट निघाला, फोडी सुरेख भाजल्या. दुसरा इतका पाणीदार होता की फोडी ट्रेमध्येच लगदा झाल्या. मऊ लिहू की खरपूस, हे अजून दोन-तीन भोपळे भाजल्यावर ठरेल. तोवर तो मेनूत नाही.