जपानीतल्या ‘सोरे’बद्दल खुलासा

"जपानीत अंतराप्रमाणे तीन शब्द. कोरे म्हणजे हे, सोरे म्हणजे थोडं लांबचं ते, आरे म्हणजे फार लांबचं ते."

सांगलीतल्या आमच्या क्लासच्या ग्रुपवर हे कालपासून फिरतंय, पण त्यातलं सोरे चुकलंय. दोघं समोरासमोर बसलेत तर कोरे बोलणाऱ्याजवळचं, सोरे ऐकणाऱ्याजवळचं आणि आरे दोघांपासनं लांबचं. आपल्या हा-तो मध्ये ऐकणाऱ्यासाठी असा वेगळा शब्दच नाही म्हणून घोळ होतो. आता बघा, तुमची पाठ खाजतीय आणि दुसरं कुणी खाजवून देतंय, बोट नेमकं जागेवर आलं की आपण "हां, इथंच" म्हणतो, जपानी माणूस मात्र "सोको" म्हणतो, सोरेचाच जागेसाठीचा शब्द. पाठ स्वतःची, अंतर काहीच नाही, तरी सोको, कारण तिथं हात दुसऱ्याचा आहे.

मेसेज अगदीच हवेतला नाही, दोघं एकाच बाजूला बघत असले, म्हणजे टॅक्सीवाल्याला पुढचा कोपरा दाखवताना वगैरे, तर सोको थोडं लांबचं होतं. पण तेवढंच पाठ केलं की समोरच्याच्या हातातला पेन जवळ दिसतो म्हणून पोरं त्याला कोरे म्हणतात. तेव्हा तो मेसेज पुढं पाठवू नका प्लीज, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे पण टाका.