तांबं ते तांबंच? दोन रिळांचा हिशेब

फिरत असलेला मेसेज: "तांबं ते तांबंच. तारेचा रोध फक्त गरमीनं वाढतो, म्हणून उन्हाळ्यात मोटरी जळतात. भंगारातलं तांबं वितळवून ओढलेली तार 99.9 टक्के शुद्ध असली की नव्याइतकीच चांगली. जुनी तार वाकवून-ठोकून थकते, तिच्यातून निम्मीच वीज जाते; चुलीत लाल करा, पुन्हा नवी होते."

देवळीजवळ माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. हा मेसेज दाखवायला आमच्या गावचे एक काकाजी फोन घेऊन दुकानातच आले. "भाऊ, मंग तू महाग तार कायले टाकतं?" त्यांना तोंडी जे सांगितलं तेच इथे जरा सावकाश लिहितो.

उन्हाळ्याचं आधी घेऊ. गरमीनं तांब्याचा रोध वाढतो, हे खरंच आहे. 20 अंशांच्या आसपास दर अंशाला साधारण 0.39 टक्के. म्हणजे हिवाळ्यातल्या 20 अंशांवरून मे महिन्यातल्या 45 अंशांवर गेलं तर वाढ दहा टक्क्यांच्या आसपास. पण सबमर्सिबल मोटर बोअरच्या पाण्यात बुडालेली असते. वर ऊन किती तापलंय याचा तिला फारसा पत्ताच नसतो. उन्हाळ्यात माझ्याकडे जळून येणाऱ्या मोटरी बहुतेक पाणी खाली गेल्यानं कोरड्या चाललेल्या असतात, नाहीतर व्होल्टेज पडलेलं असतं किंवा एक फेज गेलेला असतो. ऊन बिचारं उगाच बदनाम होतं.

खरी चूक "फक्त" या शब्दात आहे. तांब्याचे अणू अगदी शिस्तीत, जागच्या जागी उभे असते तर इलेक्ट्रॉन त्यांच्यातून न अडखळता निघून गेले असते. ते अडखळतात ती शिस्त मोडते तिथे, आणि शिस्त तीन वेगवेगळ्या कारणांनी मोडते. गरमीनं अणू थरथरतात. परका अणू आला की त्या जागी कायमची गाठ बसते. आणि तार ओढली, ठोकली, वाकवली की अणूंच्या रांगा मध्येच सरकून तुटतात. गावाच्या रस्त्यासारखं आहे हे. संध्याकाळी गुरं परततात तेव्हा रस्त्यावर गर्दी होते, सकाळी ती नसते. पण रस्त्यातले खड्डे सकाळ-संध्याकाळ तेवढेच. गुरांमुळे लागणारा उशीर आणि खड्ड्यांमुळे लागणारा उशीर यांची बेरीज होते, एकामुळे दुसरा कमी होत नाही. ऑगस्टस मॅथिसननं कार्ल फोग्टसोबत मिश्रधातूंवर मोजमापं करून 1864 साली हेच मांडलं, म्हणून याला मॅथिसनचा नियम म्हणतात. नियम अंदाजे आहे. तांब्यात चिमूटभर भेसळ असेल तिथे तो छान चालतो. शेगडीच्या नायक्रोम कॉइलसारख्या भरपूर मिसळीच्या धातूला तो तसाच लावू नये.

आता 99.9 टक्क्यांचं. उरलेला 0.1 टक्का कशाचा आहे, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. शुद्ध, मऊ तांब्याची रोधकता 20 अंशांना 1.724 मायक्रोओहम-सेंटीमीटर. त्यात 0.1 टक्का चांदी असली तर वाढ अर्ध्या टक्क्याच्या आसपास, कुणाला कळणारही नाही. तेवढंच कथील गेलं तर नऊ टक्क्यांच्या घरात. आणि फॉस्फरस तर याच्या फार पुढे. एसी-फ्रीजच्या तांब्याच्या नळ्या वितळजोडाला सोप्या जाव्यात म्हणून त्यांत मुद्दाम 0.015 ते 0.04 टक्के फॉस्फरस ठेवलेला असतो. नळीला त्यानं काही होत नाही, गॅसच तर वाहायचा असतो. पण याच नळ्या भंगारातून भट्टीत गेल्या आणि तार होऊन बाहेर आल्या, की 0.03 टक्के फॉस्फरसवर रोधकता 1.72 वरून जवळपास 2.13 होते. तांबं 99.97 टक्के शुद्ध आणि रोध चोवीस टक्के जास्त!

मी यात एकदा फसलो आहे. कुठून तार घेतली ते सांगत नाही. स्वस्तातलं रीळ होतं, गेज बरोबर, वजनही बरोबर. भरलेली मोटर महिनाभरात तापतेय म्हणून परत आली. तेव्हापासून मी पुढची तपासणी करतो.

रिळातून 20 गेजची (0.914 मिलिमीटर) 100 मीटर तार सैल गुंडाळी करून काढायची. बॅटरीतून बल्बमार्गे साधारण 1 अँपिअर करंट सोडायचा आणि तारेच्या टोकांवर वेगळ्या दोन पिना लावून व्होल्टेज मोजायचं. करंटही प्रत्येक वेळी मोजायचा; व्होल्टेजला करंटनं भागलं की ओहम मिळतात. साध्या मीटरच्या ओहम बटणावर जाऊ नका, त्यात पिनांचाच रोध 0.2-0.3 ओहम येतो आणि हिशेब बिघडतो. पहिलं माप 20 अंशांच्या पाण्यात, दुसरं 70 अंशांच्या. तारेची दोन्ही टोकं पाण्याबाहेर, आणि प्रत्येक वेळी अर्धा तास थांबायचं.

चांगली तार 2.63 ओहमवरून 3.14 वर जाते: वाढ 0.51 ओहम, म्हणजे साडेएकोणीस टक्के. माझं स्वस्तातलं रीळ 3.25 वरून 3.77 वर गेलं. वाढ 0.52 ओहम. पाहा, वाढ जवळपास तेवढीच! थरथर दोन्ही तारांत सारखीच, खड्डे मात्र दुसऱ्या तारेत आधीपासून जास्त. पण टक्क्यांत पाहिलं तर सोळाच येतात. तार नुसती बारीक असती, समजा 20 ऐवजी 21 गेज, तर सुरुवातीला 3.32 ओहम दिसले असते आणि वाढ 0.65 ओहम, टक्के तेच साडेएकोणीस. म्हणजे गेजची लबाडी टक्क्यांत दिसत नाही, तांब्याची दिसते. लांबी आणि गेज नेमकं माहीत नसलं तरी चालतं, कारण भागाकारात दोन्ही उडून जातात.

आता थकलेली तार. पूर्ण ओढून कडक केलेल्या तांब्याची वाहकता मऊ तांब्याच्या सुमारे 97 टक्के असते. म्हणजे मोठ्यात मोठ्या मारानंही रोध तीन टक्क्यांच्या आसपासच वाढतो. निम्मी वीज वगैरे काही नाही. तांबट ठोकून ठोकून कडक झालेलं भांडं मध्येच तापवून मऊ करतो, तेव्हा तुटलेल्या रांगा पुन्हा जुळतात आणि हे तीन टक्के परत मिळतात. चुलीतही ते मिळतील. फॉस्फरस मात्र मिळालेल्या आचेनं कुठेही जात नाही, तो जागच्या जागी राहतो. शिवाय वाइंडिंगची तार इनॅमल लावताना भट्टीतूनच मऊ होऊन येते, मग परत मिळवायचं उरतंच काय?

काकाजींचं तरी समाधान होईना. म्हणून त्या स्वस्त रिळातला एक तुकडा त्यांच्यासमोर लाल केला, गार होऊ दिला आणि मोजला. आकडा आधी होता तिथेच. इनॅमल तेवढं जळून गेलं होतं, त्यामुळे तो तुकडा भंगाराच्या डब्यात टाकला.