हॉल बघायला कशाला जायचं?

घोडबंदर रोडवरचा हॉल कार्यशाळेसाठी घ्यायचा आहे ना? मग तो बघायला अजिबात जाऊ नका. कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून हॉल बघायला जाणारी माणसं मुळातच संशयी असतात. व्हॉट्सअपवर फोटो आलेत की! झुंबर दिसतंय, गालिचा दिसतोय, रिकामा हॉल मैदानाएवढा दिसतोय. (तशा लेन्समधून माझं स्वयंपाकघरही मैदानच दिसेल, पण ते असो.)

समजा, गृहनिर्माण संस्थांच्या 120 सचिव-खजिनदारांना तुम्ही दिवसभरासाठी बोलावलंय. नमुने भरायचे आहेत, हिशेब मांडायचे आहेत. फोनवर एकच प्रश्न विचारा: "कपॅसिटी किती?" उत्तर येईल, "दोनशे, सर. आरामात." लगेच फोन ठेवा. हे दोनशे कसे बसवून मोजलेत, असं विचारणं असभ्यपणाचं आहे. नुसत्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या की दोनशे. प्रत्येकापुढे लिहायला टेबल हवं म्हणालात की तोच हॉल शंभराच्या आसपास येतो. जेवणाचे काउंटरही हॉलमध्येच मागच्या बाजूला लावणार असतील, तर आणखी दोन-तीन रांगा गेल्या. उरलेले खजिनदार मांडीवर वही घेऊन लिहितील. सोसायटीचा कारभार तरी कुठे टेबलावर चालतो?

तरीही जायची हौस असेल, तर मंगळवारी दुपारी हॉल रिकामा असताना जा. "तुमच्याकडे टेबलं मांडून एखादा कार्यक्रम असेल त्या दिवशी, सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं येऊन बघू का?" असं चुकूनही लिहू नका. तसं गेलात तर शेवटच्या रांगेत बसून बघावंसं वाटेल आणि समोरच्या खांबामागे अर्धा पडदा गायब झालेला दिसेल. काचेच्या भिंतीतून येणाऱ्या उन्हात प्रोजेक्टरवरचे आकडे वाचता येत नाहीत, हेही कळेल; मग जाड पडदे आहेत का, ही चौकशी आली. स्वतःचा लॅपटॉप नेऊन जोडून बघणं तर फारच झालं. केबल आहे, पण तुमच्या लॅपटॉपला ती लागत नाही, हे साडेनऊला सगळ्यांसमोर कळण्यात जी गंमत आहे ती आधी कळण्यात नाही. कॉर्डलेस माइक किती, असंही विचारू नका. एक आहे. तो वक्त्याकडे राहील आणि प्रश्न विचारणारे ओरडतील, ज्याचा त्यांना सभांमध्ये सराव आहेच.

भिंतीवर टकटक तर मुळीच करू नका. ती पोकळ वाजली, म्हणजे ती भिंत नाही, सरकतं पार्टिशन आहे आणि पलीकडचा अर्धा हॉल दुसऱ्या कुणाला दिलेला असू शकतो. कार्यशाळा शनिवारी असेल, तर पलीकडे साखरपुडा. उपविधींवरचं व्याख्यान ढोलाच्या ठेक्यावर ऐकायला किती जणांना मिळतं?

आता पैसे. "पर प्लेट साडेआठशे" ऐकलं की 120 ने गुणा आणि 1,02,000 रुपयांचा आकडा कमिटीपुढे ठेवा. मिनिमम गॅरंटी किती, हा प्रश्न भांडकुदळ लोकांचा. ती 150 प्लेटची निघाली तर जेवले कितीही, बिल 1,27,500 चं. त्यावर 18 टक्के जीएसटी लागला, तर 1,50,450. न जेवलेल्या तीस पाहुण्यांवर करासकट 30,090 रुपये खर्च झाले. आतिथ्य म्हणतात ते हेच. अंतिम आकडा किती दिवस आधी कळवायचा आणि ऐनवेळी दहा माणसं वाढली तर काय दराने, हे लिहून घेऊ नका. कोटेशनवर "अधिक कर" एवढे दोन शब्द असले की पुरे.

हॉलचं भाडं नऊ ते पाच. बॅनर लावायला आठला आत सोडतील का, की तो तास जादा धरतील? जनरेटरचं डिझेल भाड्यात की वेगळं? प्रोजेक्टर भाड्यात असला, तरी तो चालवणारा माणूस त्यात आहे का? या सगळ्याची उत्तरं बिलावर येतात, सुबक टाइप केलेली. आधी विचारून मॅनेजरचा वेळ का घ्यायचा?

ईमेल वगैरे तर लिहूच नका. तारीख, वेळ, 120 माणसं, टेबलांसह मांडणी, हवी असलेली साधनं, एवढं लिहून "पाहणीला कधी येऊ, आणि सर्व करांसह दरपत्रक द्या" असं विचारलंत, तर उत्तर लेखी येतं. लेखी उत्तर आलं की "असं बोललोच नव्हतो" म्हणायची मॅनेजरची सोय जाते. त्यापेक्षा फोनवरच "हो हो, सगळं होऊन जाईल" ऐका आणि ॲडव्हान्स पाठवून द्या. तो परत मिळतो का, ते पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं, सवडीने वाचा.