एकाने ३ दिले, दुसऱ्याने १: डिझायनरच्या मूल्यमापनाबद्दल एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया:
"डिझायनरच्या कामाला गुण देण्यावरचा तुमचा लेख वाचला. १ ते ४ अशा चार पातळ्या, ठरवलेले निकष वगैरे ऐकायला बरं वाटतं. आमच्याकडे जळगावला पॅकेजिंग डिझाइनचं काम चालतं. केळीच्या वेफर्सची तीन पाकिटं (खारी, टोमॅटो, काळी मिरी) आमच्या डिझायनरने केली. 'आकर्षकता' या निकषावर मी ३ दिले, भागीदाराने १. मला फोटो आणि पिवळा रंग आवडला, तो म्हणतो तिन्ही पाकिटं सारखीच दिसतात. मग हे मोजमाप कसलं? आपापली आवड आकड्यात लिहायची, एवढंच. त्यापेक्षा महिन्याला किती कामं काढली आणि किती चुका केल्या ते मोजा, नाहीतर मालकाच्या नजरेवर सोडा. कलेला फूटपट्टी लावू नका."

उत्तर:

भाऊ, 'आकर्षकता' हा निकष नाही, ही तुमची तक्रार मान्य. 'भारी शे' आणि 'जमनं नही' एवढंच त्यातून निघतं. पण तुम्ही दिलेल्या उदाहरणात तुमच्या दोघांच्या आवडीचं भांडण मला दिसत नाही. तुम्ही मालिकेची एकरूपता बघितलीत: तिन्ही पाकिटं एकाच घरची वाटतात का. भागीदाराने वाण ओळखता येतं का ते बघितलं: टोमॅटो मागणाऱ्याच्या हातात काळी मिरी जाईल का. हे दोन वेगळे प्रश्न एकाच शब्दाखाली कोंबले होते. वेगळे केलेत तर बहुधा एकरूपतेला दोघेही ४ द्याल आणि वाण ओळखण्याला दोघेही १. या दोहोंची सरासरी काढून अडीच लिहिलेत, तर त्यातून डिझायनरला काहीच कळणार नाही. पुढच्या वेळी तो एकरूपताही बिघडवून ठेवेल.

म्हणून माझा नियम असा: दोघांच्या गुणांत एकाचा फरक असेल तर बोलून मिटवा. दोनाचा असेल तर गुण बाजूला ठेवा आणि निकषाचं वाक्य तपासा. बहुतेक वेळा ते वाक्य दोन गोष्टी एकदम विचारत असतं.

'वाण ओळखणं' हा निकष असा लिहिता येईल: "दुकानात पाकीट जसं ठेवतात तसं ठेवलं, तर सहा फुटांवरून तीन सेकंदांत वाण कळतं." आता याला तपासता येतं. तिन्ही पाकिटांच्या खऱ्या मापाच्या प्रिंट काढा, रिकाम्या पाकिटांवर चिकटवा आणि हिशेबनीस, ड्रायव्हर, शेजारचा दुकानदार अशी ते डिझाइन आधी न पाहिलेली पाच माणसं घ्या. तीन सेकंद दाखवा, झाका आणि विचारा: कोणतं वाण होतं? पाचही जण बरोबर सांगतील तर ४, चार जण सांगतील तर ३, तीन जण असतील तर २, त्याखाली १. पाच माणसांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, पण तुमचा ३ आणि भागीदाराचा १ यांतला वाद तेवढ्याने नक्की मिटतो.

'दुकानात जसं ठेवतात तसं' हे शब्द वगळू नका. हुकाला टांगलेल्या पाकिटाचा दर्शनी भाग पूर्ण दिसतो. तेच पाकीट खोक्यात उभं रचलं तर वरचा तिसरा हिस्सा तेवढा दिसतो. वाणाचं नाव खाली असेल, तर पहिल्या दुकानात ते डिझाइन चालेल आणि दुसऱ्यात पडेल. टेबलावर आडवं ठेवून, दिव्याखाली, हातभर अंतरावरून पाहिलेलं पाकीट सगळ्यांनाच चांगलं वाटतं. ऑफिसातले गुण फुगतात ते त्यामुळे.

आता एक अडचणीचा प्रश्न. पाकीट खोक्यातून विकलं जाणार आहे, हे डिझायनरला कोणी सांगितलं होतं का? काम देताना फक्त "पिवळा ठेव, केळीचा घड दिसू दे, तिन्ही एकसारखी कर" एवढंच सांगितलं असेल, तर त्याने सांगितलं तेच केलं. तो १ त्याचा नाही, काम देणाऱ्याचा आहे. म्हणून प्रत्येक मोठ्या कामाआधी अर्धं पान लिहून द्या: घेणारा कोण, पाकीट कुठे आणि कसं ठेवलं जाणार, पहिलं-दुसरं-तिसरं काय वाचलं गेलं पाहिजे, आणि कशाला हात लावायचा नाही. हे पान नसेल तर त्या कामाला दर्जाचे गुण देऊ नका, दुसरं काम निवडा.

वाक्याने जे मोजता येत नाही, तिथे नमुने लागतात. 'अक्षरांची मांडणी नेटकी आहे' हे दहा जण दहा प्रकारे वाचतील. त्यासाठी एका बोर्डावर खरी छापील पाकिटं चिकटवा, तुमची जुनी आणि बाजारातलीही, आणि प्रत्येकाखाली एक ओळ लिहा. "हे २: नाव, वजन आणि वाण तिन्ही एकाच जाडीत, डोळा कुठे थांबावा कळत नाही." "हे ३: नाव आधी दिसतं, मग वाण, पण जोडाक्षरं दाटली आहेत." वाद नेहमी २ आणि ३ यांच्या सीमेवर होतो, १ आणि ४ सगळ्यांनाच ओळखता येतात. त्यामुळे सीमेवरचे नमुने जास्त ठेवा. ते निवडताना डिझायनरला शेजारी बसवा. तो एखाद्या नमुन्याला हरकत घेईल तर ती वर्षाच्या सुरुवातीला, एप्रिलमध्ये ऐका. गुण द्यायच्या वेळी, मार्चमध्ये ऐकली तर ती सौदेबाजी होते.

गुण देतानाही एक क्रम पाळा. एक पाकीट घेऊन त्याला सगळ्या निकषांचे गुण दिले, तर पहिल्या नजरेची आवड सगळीकडे झिरपते. त्याऐवजी एक निकष घ्या आणि सगळी कामं त्यातून काढा, मग दुसरा घ्या. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांशी न बोलता लिहायचं. मालकाने आधी तोंड उघडलं की दुसऱ्याचा आकडा तिकडेच सरकतो.

राहिला तुमचा मोजणीचा पर्याय. आखाजीच्या आसपास लग्नसराईत तयार साच्यात नावं-तारखा बदलून दिवसाला कितीतरी पत्रिका निघतात. वेफर्सची नवी मालिका आठ-दहा दिवस खाते. संख्या मोजायला लागलात तर शहाणा डिझायनर पत्रिका उचलेल आणि मालिकेसाठी जुनीच फाइल रंग बदलून पुढे करेल. त्याला दोष देता येणार नाही, तुम्ही तेच मागितलं होतं.

चुका मात्र मोजाव्यात, पण दोन सावधगिऱ्या बाळगून. पहिली म्हणजे फेरबदलांची कारणं वेगळी ठेवा. फाइलच्या नोंदीत प्रत्येक फेऱ्यापुढे एक शब्द लिहा: 'ग्राहक' (त्याचं मत बदललं), 'माहिती' (आपण अपुरं सांगितलं) किंवा 'चूक' (डिझायनरची). सात फेरे झालेल्या कामात 'चूक' एकच निघते, असं बरेचदा होतं. फेऱ्यांची नुसती बेरीज केलीत, तर सगळ्यात चंचल ग्राहक सांभाळणाऱ्यालाच सगळ्यात कमी गुण मिळतील.

दुसरी सावधगिरी: छपाईची शिस्त दर्जाच्या गुणांत मिसळू नका. तिची वेगळी हो-नाही यादी करा. कापणीसाठी चारी बाजूंना ३ मिमी जादा पार्श्वभूमी आहे का, फोटो छापायच्या मापाला ३०० डीपीआय भरतो का, ईएएन-१३ बारकोड मूळ मापाच्या ८० टक्क्यांखाली गेला नाही ना, त्याच्या काळ्या रेघा फिक्या पार्श्वभूमीवर आहेत का, एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूण जागेवर आहे का. मराठी मजकुराची तपासणी वेगळी हवी. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना, किंवा सॉफ्टवेअरची भारतीय लिप्यांची सेटिंग बंद असताना, 'मिरी'ची पहिली वेलांटी 'र'वर चढते आणि 'टोमॅटो'वरचा चंद्र गळतो. गडद रंगातून पांढरी काढलेली बारीक अक्षरं शाई पसरून भरतात. छापण्याआधी मोठ्याने वाचलं तर वेलांटी सापडते, शाई भरणं मात्र प्रूफवरच दिसतं.

ही यादी पास की नापास, एवढंच. इथे निर्दोष असलेला माणूस कंटाळवाणी पाकिटं करू शकतो आणि उत्तम नजरेचा माणूस दरवेळी बारकोड चुकवू शकतो. दोघांना मिळून 'सरासरी ३' दिलेत, तर कोणाला काय शिकवायचं ते कळत नाही.

मालकाच्या नजरेबद्दल: ती नजर खरी असते, नाकारत नाही. पण ती शेवटच्या दोन महिन्यांचीच कामं आठवते आणि गाजलेली किंवा फसलेलीच आठवते. म्हणून दर तिमाहीला तीन कामं बाजूला काढा: एक डिझायनरने निवडलेलं, एक तुम्ही, एक चिठ्ठी टाकून. वर्षाला बारा होतात, मूल्यमापनाला पुरेशी. चिठ्ठीचं काम सगळ्यात बोलकं असतं, कारण ते कोणी मिरवण्यासाठी निवडलेलं नसतं.

तुमच्या म्हणण्यातला एक मुद्दा मात्र उरतोच. एखादं काम सगळे निकष मोडून चांगलं असतं. सगळ्या पिवळ्या पाकिटांत एखादा पांढऱ्यावर नुसती एक चकती काढतो आणि ते उठून दिसतं. निकष आधीच्या कामांवरून बनतात, त्यामुळे अशा कामाला ते कमी गुण देणारच. यासाठी वर्षातून एक जागा मोकळी ठेवा: डिझायनर एक काम पुढे करेल, ते का वेगळं आहे ते चार ओळींत लिहील. पटलं तर गुण वाढतील, नाही पटलं तर कमी होणार नाहीत. विक्रीचे आकडे मात्र इथे आणू नका. वेफर्स खपले की नाही यात तेल, भाव आणि दुकानदाराचं कमिशन इतकं मिसळलेलं असतं की पाकिटाचा वाटा वेगळा काढता येत नाही.

यंदाच्या मार्चचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अडणार तिथेच आहे. नवे निकष मागच्या वर्षाला लावू नका. यंदा जे लिहून सांगितलं होतं तेवढ्यावरच गुण द्या आणि वेफर्सच्या मालिकेपुढे आकडा न टाकता शेरा लिहा. "आकर्षकता कमी" असा नको. असा लिहा: "तिन्ही पाकिटांची पार्श्वभूमी एकच पिवळी, वाणाचं नाव खालच्या पट्टीत लहान अक्षरांत, खोक्यात उभं ठेवल्यावर झाकलं जातं. ठेवण्याची पद्धत काम देताना सांगितली नव्हती." शेवटचं वाक्य वगळण्याचा मोह होईल. ते राहू द्या, आणि त्याखाली तुमच्या दोघांच्या सह्या करा.